ठोका वेगळा, थरथर वेगळी

मोटरसायकल जितकी थरथरते तितकी ती जिवंत, असं मी उमेदीची सगळी वर्षं मानत आलो. विचारायला येणाऱ्यांनाही तेच सांगत आलो, आणि मालवणात विचारायला येणारे पुष्कळ. माझा धंदा इंजिनांचा. माडा-पोफळीच्या बागांतले पंप, होड्यांची मशिनं, आणि त्यातून वेळ उरला की मोटरसायकली. मनात एक उतरंड पक्की होती. एका सिलिंडरची जुनी ३५० बुलेट म्हणजे खरी गाडी. तिच्या वर काही असलंच तर व्ही-ट्विन, गोव्याकडे जाताना हायवेवर गडगडत जाणारी. आणि दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असलेली पॅरलल ट्विन म्हणजे शिलाई मशीन: गुळगुळीत, शहाणी, बेचव.

ही उतरंड आता माझ्या डोक्यात उरलेली नाही. ती कशी मोडली ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण माझ्या शब्दावर विसंबून गाड्या घेतलेले लोक या किनाऱ्यावर अजून फिरतायत आणि त्यांच्यापैकी काहींचे हात साठाच्या पुढे झिणझिणत असतील.

मूळ समजूत कुठून आली ते आधी सांगतो. मी इंजिन ओळखायला शिकलो ते डिझेल पंपावर. बागेतला सिंगल सिलिंडरचा पंप मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनी चालतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा फटके. प्रत्येक फटका कानाला सुटा ऐकू येतो आणि प्रत्येक फटक्याबरोबर पायाखालचं काँक्रीट हलतं. कान आणि पाय एकच गोष्ट सांगत असल्यासारखे वाटतात. तेव्हापासून आवाजाचा ठोका आणि अंगाला बसणारी थरथर ही माझ्या लेखी एकच वस्तू झाली. थरथर काढून घेतली तर ठोकाही जाणार, असं मी गृहीत धरलं. २०१६ साली रॉयल एनफिल्डने हिमालयनमध्ये बॅलन्सर घातला तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, ती डोंगराची गाडी. पण नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिअर आली, पुढच्या वर्षी तेच ३४९ सीसीचं इंजिन क्लासिकमध्ये आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटमध्ये बसलं, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो की आता बुलेट संपली. मी तेव्हा ती धड चालवलीही नव्हती.

मत हललं ते एका दुरुस्तीमुळे. कट्ट्याकडचा एक तरुण बॅलन्सर असलेली सिंगल सिलिंडरची गाडी घेऊन आला. बाहेर कुठेतरी तिचं इंजिन उघडून काम झालं होतं. म्हणाला, “काकानू, गाडी हादरता. साठाच्या फुडे हात झिणझिणतत.” त्याला गॅरेजात सांगितलं होतं, “सिंगल गाडी आसा, हादरतलीच.” एरवी मीही हेच सांगितलं असतं.

पण त्याचं म्हणणं असं होतं की काम करण्याआधी ती अशी हादरत नव्हती. नवी सुरू झालेली थरथर ही नेहमी तक्रार समजावी, स्वभाव समजू नये. म्हणून मी क्रमानं पाहत गेलो. आधी गाडी स्टँडवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस केली. थरथर तशीच आली. म्हणजे चाक, टायर, चेन यांचा संबंध संपला; दोष इंजिनाचा किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांचा. बोल्ट पाहिले. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यानं माउंटिंगचे नट गंजतात आणि गंजलेला नट घट्ट असल्याचं सोंग करतो, म्हणून प्रत्येक नट सोडून, साफ करून पुन्हा टॉर्क देऊन आवळला. फरक नाही. मग लक्षात आलं की फेऱ्या वाढतील तशी थरथर नुसती वाढत नाही, एकदम उसळते. संथ फेऱ्यांवर सहन होते, दुप्पट फेऱ्यांवर असह्य. एखादं वजन चुकीच्या जागी फिरत असेल तर नेमकं असंच होतं. झाकण उघडलं. क्रँकच्या गिअरवर एक खूण असते, बॅलन्सरच्या गिअरवर एक. दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. इथं बॅलन्सर एका दातानं सरकला होता.

त्या पोरानं आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवायला म्हणून मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ काढला होता. दात नीट बसवल्यावर त्यानं दुसरा काढला. रस्त्यावर नेऊन आणल्यावर हात झिणझिणणं थांबलं होतं, आरसा स्थिर होता, मागच्या गाडीचा नंबर वाचता येत होता. मग सहज त्यानं दोन्ही व्हिडिओ लागोपाठ लावले आणि मी नुसता ऐकत बसलो. दोन्हींत ठोका तोच. फोन पालथा ठेवून त्यानं पुन्हा लावले, आणि दुरुस्तीआधीचा कुठला, नंतरचा कुठला, हे मला ओळखता आलं नाही. इंजिन एकच, सिलिंडर एकच, सायलेन्सर एकच. थरथर काढून घेतली तरी ठोका जागच्या जागी होता. माझ्या समजुतीला इतका सरळ नकार मी दुसरीकडे कुठे पाहिला नसता.

त्या रात्री वही घेऊन बसलो. जुन्या बुलेटचं माप मला पाठ आहे: बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणजे क्रँकपिन मध्यापासून ४५ मिलिमीटरवर फिरते. पिस्टन, त्याची पिन आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक मिळून, हिशेबाच्या सोयीसाठी, अर्धा किलो धरू. मिनिटाला २००० फेऱ्यांना हे अर्धा किलो वजन वर थांबवून खाली वळवायला सुमारे १०० किलोचा जोर लागतो. ४००० फेऱ्यांना तोच जोर ४०० किलो होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. एकाच गिअरात चाळिसाच्या जागी ऐंशीनं गेलात की हादरा चौपट. एवढा जोर फ्रेमनं सोसायचा, तोही सेकंदाला ६६ वेळा.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो, त्यामुळे पिस्टनची वरची वळणं आणि खालची वळणं सारखी नसतात. वर तो अधिक झटक्यानं वळतो, खाली सावकाश. आपल्या उदाहरणात वरचा जोर ५०० किलोच्या घरात जातो, खालचा ३०० पर्यंत उतरतो. या फरकामुळे मोठ्या हादऱ्यावर एक दुसरा, लहान हादरा स्वार होतो. तो मोठ्याच्या साधारण पाव असतो, पण दुप्पट वेगानं येतो: ४००० फेऱ्यांना सेकंदाला १३३ वेळा. आमच्या लोकांत याला ‘बारीक थरथर’ म्हणतात, आणि हँडल, फूटरेस्ट, टाकी यांतून जी झिणझिण येते तिच्यात हिचा वाटा मोठा. तळव्यातली कंप जाणणारी यंत्रणा सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते. बारीक थरथर फेऱ्या वाढतील तशी थेट त्या टापूकडे सरकते.

आता ठोका पाहा. चार स्ट्रोकच्या सिंगलमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. गाडी हजार फेऱ्यांवर उभी असेल तर सेकंदाला जेमतेम आठ फटके. कानाला सेकंदाला वीसपर्यंतचे फटके सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते एकमेकांत मिसळून गुणगुण होते. ४००० फेऱ्यांना सिंगलचे फटके सेकंदाला ३३ होतात, म्हणजे ज्या वेगाला थरथर सर्वांत वाईट, त्या वेगाला ठोका मुळी ठोका उरलेलाच नसतो. आणि ज्या संथ वेगाला ठोका सर्वांत गोड लागतो, तिथं थरथर चौथ्या हिश्शावर आलेली असते. दोघांचं राज्य वेगवेगळ्या फेऱ्यांवर आहे. मी आयुष्यभर त्यांना एकत्र बांधून ठेवलं होतं.

बॅलन्सर नेमकं काय करतो हे समजल्यावर माझा त्याच्यावरचा रागही गेला. बॅलन्सर नसलेल्या सिंगलमध्ये क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवतात. पण पिस्टन फक्त वर-खाली जातो आणि वजन गोल फिरतं. वजन पिस्टनच्या पूर्ण जोराइतकं ठेवलं तर वर-खालचा हादरा जातो, पण वजन बाजूला असताना गाडी तितक्याच जोरानं पुढे-मागे हलते. म्हणून कारखाने अर्ध्यावर तडजोड करतात. आपल्या ४०० किलोंतले २०० क्रँकच्या वजनानं खाल्ले, उरलेले २०० तसेच गोल फिरत राहिले, आणि ते फिरतात क्रँकच्या उलट दिशेनं. म्हणून त्यांना गाठायला उलटा फिरणारा दांडा लागतो. बॅलन्सर म्हणजे तोच. क्रँकच्या वेगानं, उलट्या दिशेनं, उरलेल्या अर्ध्याइतकं वजन घेऊन तो फिरतो. एका दातानं चुकला की वेळ चुकते आणि काही हिस्सा परत येतो, तेवढंच कट्ट्याच्या गाडीत झालं होतं.

स्फोट कधी व्हायचे यात बॅलन्सरचा काडीचा हात नाही. त्याच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. क्रँकच्या वेगानं फिरणारा दांडा दुप्पट वेगाच्या बारीक थरथरीला हात लावू शकत नाही. म्हणून नवी ३५० सुद्धा हायवेवर शेवटच्या टप्प्यात, इंजिन पिळून चालवलं की फूटरेस्टमधून बोलते. तिथं तो दोष नसतो. एका सिलिंडरकडून मागता येईल त्याची ती हद्द आहे.

इथवर सिंगलची गोष्ट. पॅरलल ट्विनबद्दलचं मत बदलायला मला माझ्या कानानं भाग पाडलं. कुडाळजवळ हायवेच्या पेट्रोल पंपावर उभा होतो. पाठीमागून दोन गाड्या आल्याचा आवाज आला, आणि न वळता मी बरोबरच्या माणसाला म्हणालो, “व्ही-ट्विन आल्या.” वळून पाहिलं तर एक हार्लेची स्ट्रीट ७५०, आणि दुसरी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी. ज्या इंजिनाला मी बेचव म्हणत होतो, त्याचा ठोका मी व्हीचा समजलो होतो. माझा पुण्याचा मावसभाऊ त्याच जातीची ६५० चालवतो. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी ती मागून घेतली, आणि सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून उतरलो. परतल्यावर वहीत पुन्हा आकडे मांडले.

पॅरलल ट्विन हे एक इंजिन नाही. सिलिंडर शेजारी-शेजारी असले तरी क्रँकवरच्या दोन पिना एकमेकींशी कोणता कोन करतात, त्यावर तीन अगदी निराळी इंजिनं होतात. १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनपासून इंग्रजी गाड्यांनी वर्षानुवर्षं दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली नेले. त्यात फटके समान अंतरानं येतात, ३६० अंशांवर एक. आवाज भरीव आणि सरळ. पण दोन्ही पिस्टन एकाच दिशेनं ओढत असल्यामुळे मोठा हादराही दुप्पट आणि बारीक थरथरही दुप्पट. दुसरी जात १८० अंशांची: एक वर गेला की दुसरा खाली. मोठा हादरा दोघांत फिटतो, फक्त इंजिन डावी-उजवी टोकं आळीपाळीनं उचलल्यासारखं झोके घेतं. पण बारीक थरथर फिटत नाही, कारण तिच्या दुप्पट वेगाच्या हिशेबात अर्धी फेरी म्हणजे पूर्ण फेरी, आणि दोघांची थरथर एकाच वेळी एकाच दिशेला येते. चाकणला जुळणारी कावासाकी निंजा ६५० या जातीची. वरच्या फेऱ्यांवर धावायला ती उत्सुक, पण फटके १८० आणि ५४० अंशांवर, म्हणजे दोन पटापट आणि मग मोठा खंड. मी पॅरलल ट्विनची चव ठरवली होती ती अशाच गाड्या चालवून. ऐंशीच्या दशकातली राजदूत ३५०, जी यामाहाच्या आरडी ३५० वरून इथं बनली, तिचा क्रँकही १८० चाच, पण ती दोन स्ट्रोकची. तिच्यात प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर फुटतो, म्हणून फटके समान पडतात आणि आवाज सलग फाटत जातो. क्रँक तोच, आवाज वेगळा. हे उदाहरण समोर असूनही मला त्यातून काही सुचलं नव्हतं.

तिसरी जात २७० अंशांची. उत्पादनातल्या गाडीवर ती १९९५ च्या यामाहा टीआरएक्स ८५० ने आणली, आणि आपल्याकडे ती २०१८ पासून एनफिल्डच्या ६५० मुळे गावोगाव पोहोचली. तिचे फटके २७० आणि ४५० अंशांवर येतात: एक, थोडं थांबून दुसरा, मग जरा जास्त थांबून परत पहिला. आता हादऱ्याचा हिशेब. स्ट्रोक ६७.८ मिलिमीटर, पिस्टनचं वजन पुन्हा अर्धा किलो धरू. ४००० फेऱ्यांना प्रत्येकी सुमारे ३०० किलोचा जोर. दोन पिस्टन पाव फेरीच्या अंतरानं धावतात, म्हणून दोघांचा मिळून सहाशे न होता सव्वाचारशे होतो. म्हणजे कच्चा मोठा हादरा जुन्या बुलेटपेक्षा कमी नाही, किंचित जास्तच! तो क्रँकची वजनं आणि बॅलन्सर यांनी मारावा लागतो, तसा तो मारलेला आहे. पण बारीक थरथर? तिच्या हिशेबात पाव फेरीचं अंतर अर्ध्या फेरीचं होतं. एका पिस्टनची थरथर वर असताना दुसऱ्याची नेमकी तितकीच खाली. शून्य. ज्या थरथरीला कोणताही साधा बॅलन्सर हात लावू शकत नाही, ती इथं दोन पिस्टन आपसात मिटवून टाकतात.

आंबोलीच्या रस्त्यानं मला हे हाताला समजावलं. सावंतवाडीपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर सहाव्या गिअरात, शंभराच्या आसपास, इंजिन चार हजार फेऱ्यांच्या जवळपास फिरत होतं आणि हँडल शांत होतं. घाटातल्या आखूड वळणांवर मी मुद्दाम तिसऱ्या गिअरात फेऱ्या पडू दिल्या. तिथं सिंगल असती तर दोन फटक्यांमधल्या लांब खंडात क्रँक मंदावतो, चेन सैल पडते आणि पुढच्या फटक्याला झटका बसतो. फ्लायव्हील जड ठेवून जुन्या बुलेटनं यावर उपाय केला होता, आणि तिचं संथ फेऱ्यांवर तग धरणं हे त्या लोखंडाचं देणं. ६५० मध्ये खंड आहे, पण लहान. चेन झटकली नाही, आणि ठोका मात्र सुटा ऐकू येत होता. तो ऐकताना मला आनंद झाला आणि तो आनंद मी लपवला नाही. मावसभाऊ म्हणाला, “दादा, घे मग तूही.” मी घेतलेली नाही. त्याचं कारण पुढे येईल.

राहिली व्ही-ट्विन. हिच्याबद्दल माझं मत पूर्ण फिरलं असं म्हणता येणार नाही, पण तिची जागा बदलली. व्हीमध्ये दोन कनेक्टिंग रॉड सहसा एकाच पिनवर बसतात, आणि फटक्यांचं अंतर दोन सिलिंडरांमधला कोन ठरवतो. ४५ अंशांची पारंपरिक हार्ले ३१५ आणि ४०५ वर फुटते. स्ट्रीट ७५० चा कोन ६० अंशांचा, म्हणून ३०० आणि ४२०. आपल्या पुण्याच्या कायनेटिकनं कोरियाच्या ह्योसंगची अक्विला २५० आणली होती, तिचा ७५ अंशांचा. म्हणजे २८५ आणि ४३५. कोन ९० झाला, डुकाटीसारखा, की आकडे येतात २७० आणि ४५०. हे आकडे वहीत उतरवताना मी थांबलो. हेच तर मावसभावाच्या पॅरलल ट्विनचे आकडे. पंपावर कान फसले नव्हते. ठोक्याच्या दृष्टीनं ९० अंशांची व्ही आणि २७० अंशांची पॅरलल ही एकच ताल धरणारी इंजिनं आहेत.

आणि थरथरीच्या दृष्टीनं ती एकमेकांच्या उलट आहेत. ९० अंशांच्या व्हीमध्ये दोन पिस्टन काटकोनात ओढतात. दोघांचा मिळून जोर कमी-जास्त होत नाही, तो एकसारखा राहून क्रँकबरोबर गोल फिरतो. म्हणून क्रँकवर समोर एक वजन ठेवलं की मोठा हादरा संपला, बॅलन्सरची गरजच नाही. पण बारीक थरथर तिथं उरते, आडवी, पुढे-मागे. पॅरलल २७० मध्ये बारीक थरथर आपोआप मिटते आणि मोठा हादरा दांडा घालून मिटवावा लागतो. ताल एक, थरथर विरुद्ध. कट्ट्याच्या गाडीनं जे दाखवलं होतं तेच या दोन इंजिनांनी कागदावर सिद्ध केलं. कोन कमी कराल तसा व्हीचा हा फायदा ओसरतो. ४५ अंशांत मोठा हादरा पुरता मिटत नाही, म्हणून हार्लेनं काही गाड्यांत इंजिन रबरावर टांगलं आणि २००० साली सॉफ्टेलच्या इंजिनात बॅलन्सर घातले. रबरावरचं इंजिन उभ्या गाडीत डोळ्यांना नाचताना दिसतं आणि फेऱ्या वाढल्या की स्वाराला शांत वाटतं, कारण रबर संथ हादरे जाऊ देतं आणि जलद हादरे अडवतं.

व्हीचं वेगळेपण मग कशात? ती सिंगलइतकी अरुंद असते, आणि क्रँक आखूड असल्यामुळे डावी-उजवी झोके घेत नाही. त्याची किंमत म्हणजे दोन वेगळी हेड, दोन ठिकाणची कॅम आणि चेन, लांब पडणारं इंजिन, आणि मागचा सिलिंडर. मे महिन्यात दुपारी मालवणच्या बाजारपेठेतून व्ही-ट्विन काढून पाहा. मागच्या सिलिंडराला वारा मिळत नाही आणि त्याची धग उजव्या-डाव्या मांडीला मिळते. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनातही रेडिएटरचा पंखा ती गरम हवा पायावरच फेकतो. थंड मुलखातल्या लांब, सरळ रस्त्यांवर ती जशी आवडत असेल तशी इथं आवडणं अवघड आहे.

माझ्याकडे जुनी बुलेट अजून आहे आणि तिच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही. फक्त तिचा कोणता भाग मला आवडतो ते आता नेमकं सांगता येतं: जड फ्लायव्हील, लांब स्ट्रोक, संथ फटका. तिच्या थरथरीमुळे तुटलेले नंबर प्लेटचे कान, मडगार्डच्या पट्ट्यांना गेलेले तडे, टेललाइटचे उडालेले बल्ब, हे मी आजवर तिच्या तेजाचा भाग समजून बदलत आलो. तो निव्वळ तोटा होता. ६५० मी घेतली नाही, कारण माझं रोजचं जाणं तारकर्ली, देवबाग, आचरा एवढंच. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यांवर तीस-चाळीसच्या पुढे जाणं होत नाही, आणि त्या वेगाला सिंगलचा ठोका ऐकू येतो, थरथर येत नाही. आठवड्याला कोल्हापूर किंवा पणजी करणाऱ्याला मी आज बिनदिक्कत २७० ची ट्विन सांगतो.

जुनी गाडी पाहायला बोलावलं की आता मी आवाजावर भुलत नाही. आधी उभ्या गाडीत रेस करतो. थरथर आली तर इंजिनाकडे. मग रस्त्यावर एकच वेग दोन गिअरांत धरतो. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाची, तशीच राहिली तर चाकाची किंवा टायरची. क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली तरी हेच कळतं. ट्विन असेल तर थंड इंजिन सुरू करून दोन्ही सायलेन्सरचे पाइप हेडजवळ, लांबूनच, पाण्याचे थेंब टाकून पाहतो: एकावरचे उडाले आणि दुसऱ्यावरचे रेंगाळले तर एक सिलिंडर काम करत नाही. सिंगलमध्ये प्लग गेला की गाडी बंद पडते. ट्विन एका सिलिंडरवर लंगडत चालत राहते, ठोका सिंगलसारखा होतो, आणि विकणारा त्यालाच ‘दमदार आवाज’ म्हणतो. शेवटी मालकाला विचारतो, “इंजिन कोणी खोललां?” उत्तर चाचरत आलं तर झाकण उघडून बॅलन्सरच्या खुणा पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही.